पॅरोल-फर्लोचा अर्ज: घरच्यांनी काय लिहावं, कोणती कागदं जोडावीत

तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या माणसाच्या घरी फोन येतो, “अम्मीचं ऑपरेशन ठरलंय, भाईला काही दिवस सोडतील का?” मग धावपळ सुरू होते. कोणी म्हणतं वकील करा, कोणी म्हणतं आमदाराचं पत्र आणा, कोणी म्हणतं एवढे पैसे द्या, काम होईल. यातल्या बहुतेक गोष्टींची गरज नसते. गरज असते ती नीट लिहिलेल्या एका अर्जाची आणि पाच-सहा खऱ्या कागदांची. आमच्याकडे अशा कुटुंबांचे प्रश्न वारंवार येतात आणि नामंजुरीची पत्रंही दाखवायला आणली जातात. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: कारण खरं असतं, पण अर्जात ते सिद्ध झालेलं नसतं. म्हणून हा लेख महाराष्ट्रातल्या पद्धतीबद्दल, आणि त्यातही घरच्यांच्या हातात जे आहे त्याबद्दल.

आधी हे पक्कं करा: कैदी कच्चा की पक्का?

ज्याचा खटला अजून चालू आहे तो न्यायाधीन बंदी, बोलीभाषेत कच्चा कैदी. त्याला पॅरोल किंवा फर्लो मिळत नाही. घरात आजारपण, मयत किंवा निकाह असेल, तर त्याच्यासाठी ज्या कोर्टात खटला आहे तिथे तात्पुरत्या जामिनाचा अर्ज करावा लागतो. अनेक कुटुंबं कच्च्या कैद्यासाठी तुरुंगात पॅरोलचा अर्ज देऊन आठवडे वाट बघतात आणि वेळ हातची जाते.

ज्याला शिक्षा झाली आहे तो पक्का कैदी, सरकारी भाषेत सिद्धदोष बंदी. त्याच्यासाठी महाराष्ट्रात 1959 चे फर्लो आणि पॅरोलचे नियम आले. त्यात 2016 आणि 2018 मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या आणि बदल होतच असतात. त्यामुळे किती दिवस मिळतील आणि मंजुरी कोणत्या साहेबांच्या सहीने होईल, हे अर्जाच्या वेळी तुरुंगाच्या कार्यालयातच विचारून घ्या. शेजारच्याच्या मुलाला पाच वर्षांपूर्वी काय मिळालं, त्यावर विसंबू नका.

फर्लो आणि पॅरोल एक नाहीत

फर्लोला सरकारी कागदात संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. हे दोन मराठी शब्द लक्षात ठेवा, कारण आदेशावर तेच छापलेले असतात.

फर्लोसाठी कारण सांगावं लागत नाही. शिक्षेची ठरावीक वर्षं तुरुंगात काढली, वागणूक चांगली राहिली, की घरच्यांशी नातं टिकून राहावं म्हणून ही रजा देतात. फर्लोवर बाहेर घालवलेले दिवस शिक्षेतच धरले जातात.

पॅरोल कारणासाठीच मिळते, आणि ते कारण सिद्ध करावं लागतं. पॅरोलचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. म्हणजे महिनाभर पॅरोलवर आलेल्या माणसाची सुटका महिनाभर पुढे जाते. गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये हेच सांगितलं: जन्मठेपेच्या कैद्याची 14 वर्षं मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा.

म्हणून हिशेब साधा आहे. कारण थांबू शकत असेल आणि फर्लोची तारीख जवळ असेल, तर फर्लो घ्यावा. कारण थांबणारं नसेल तरच पॅरोल.

पॅरोलमध्येही दोन प्रकार आहेत. पहिली आकस्मिक. आई, वडील, दादा-दादी, पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांपैकी कोणाचं निधन झालं, किंवा मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांचं लग्न असलं, तर ही रजा मागता येते. 2018 च्या दुरुस्तीने ती 14 दिवसांची केली. ती वाढवून मिळत नाही. दुसरी नियमित. आई, वडील, पती-पत्नी किंवा मुलांचं गंभीर आजारपण, बायकोची प्रसूती, घर पडणं, पूर, आग अशा कारणांसाठी. जो कैदी फर्लोला पात्र नाही, तो नियमित पॅरोललाही पात्र ठरत नाही. दहशतवादी कृत्यं, दरोडा, खंडणीसाठी अपहरण, अमली पदार्थांची तस्करी अशा काही गुन्ह्यांतले कैदी नियमानेच फर्लोच्या बाहेर आहेत. तुमच्या माणसाची शिक्षा यात येते का, हे निकालपत्रावरची कलमं दाखवून आधी विचारून घ्या.

इथे एक चूक सर्रास होते. नियमित पॅरोलच्या यादीत चुलत भावाचं आजारपण नाही, सासऱ्याचं नाही, शेतीची कामं नाहीत. आपल्या घरात चाचांनीच लहानाचं मोठं केलेलं असतं, आणि त्यांच्या आजारपणात जावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण अर्ज नियमाच्या यादीवर तपासला जातो. अशा वेळी फर्लोच मागावा.

एक उदाहरण: अर्ज नामंजूर का झाला?

नावं-गावं बाजूला ठेवून एक प्रकरण पाहू. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावचा एक तरुण खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय. तुरुंगात सात वर्षं झाली. वडील वारले आहेत. घरी आई, बायको आणि दोन लहान मुलं. बहीण लग्न होऊन शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या शहरात राहते. आईच्या हृदयाची झडप खराब झाली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं.

घरच्यांनी अर्ज दिला. त्यात लिहिलं होतं, “आई खूप आजारी आहे, मुलाला भेटायची इच्छा आहे, तरी कृपा करून सोडावे.” सोबत गावातल्या दवाखान्याचं एक प्रमाणपत्र होतं. त्यावर दोन ओळी होत्या: रुग्ण आजारी असून विश्रांतीची गरज आहे. बस्स.

दोन महिन्यांनी नामंजुरी आली. कारणं दोन. पहिलं, आजार गंभीर असल्याचं कागदांवरून दिसत नाही. दुसरं, पोलीस अहवालानुसार फिर्यादीचं कुटुंब त्याच गावात राहतं आणि कैदी आल्यास शांतता भंग होण्याची शक्यता आहे.

घरच्यांना वाटलं, हा अन्याय आहे, आपण कोण आहोत ते बघून नाकारलं. मनात असं येणं समजण्यासारखं आहे. पण आम्ही पत्र पुन्हा वाचलं, तर दोन्ही कारणांना कागदाने उत्तर देता येत होतं. अर्जावर निर्णय घेणारा अधिकारी आईला बघायला येत नाही. त्याच्यासमोर फक्त फाईल असते. फाईलमध्ये विश्रांतीची गरज लिहिलेली असेल, तर तो विश्रांतीसाठी मुलगा का सोडेल?

दुसरा अर्ज: एकेक कागद

दुसऱ्या वेळी अर्ज करण्याआधी त्यांनी पाच गोष्टी केल्या.

पहिली, डॉक्टरांचं पत्र. जिथे ऑपरेशन होणार त्या रुग्णालयाच्या लेटरहेडवर, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेलं. त्यात आजाराचं नाव, कधीपासून उपचार चालू आहेत, कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, किती दिवस भरती राहावं लागेल आणि नंतर किती दिवस सोबत माणूस हवा, हे सगळं आलं. सोबत तपासणीचे रिपोर्ट आणि भरतीचा कागद. शक्य असेल तर सरकारी रुग्णालयाचा कागद जोडा, त्याची खात्री लवकर होते. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: पोलीस रुग्णालयात जाऊन चौकशी करतात. पैसे देऊन आणलेलं खोटं प्रमाणपत्र पकडलं गेलं, तर घरच्यांवर गुन्हा होतो आणि त्या कैद्याच्या पुढच्या प्रत्येक अर्जावर संशय बसतो.

दुसरी, तोच का हवा? अधिकाऱ्याच्या मनात हा प्रश्न असतोच, पण अर्जांत त्याचं उत्तर बहुधा नसतं. इथे वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडला आणि रेशनकार्डाची प्रत दिली. त्यावरून घरात दुसरा प्रौढ पुरुष नाही, सुनेला दोन लहान मुलं आहेत, हे आपोआप दिसलं. घरात भाऊ असेल तर लपवू नका. तो सौदीत किंवा दुबईत असेल, तर त्याच्या व्हिसाची प्रत लावा. तो गावातच असेल पण रोजंदारीवर असेल, तर तसं लिहा. लपवलेला भाऊ पोलिसांच्या जबाबात हमखास बाहेर येतो, आणि मग खऱ्या आजारपणावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

तिसरी, नाव जुळवणं. आपल्या घरांत हा त्रास फार आहे. आईचं नाव रेशनकार्डावर हमीदाबी, आधारवर हमीदा बेगम, रुग्णालयात शेख हमीदा. मुलाचं नाव तुरुंगाच्या नोंदीत मोहम्मद, शाळेच्या दाखल्यावर मो., आधारवर मोहम्मद नंतर वडिलांचं नाव. वाचणाऱ्याला कळत नाही की ही त्याचीच आई आहे. यासाठी प्रतिज्ञापत्र करा: ही सर्व नावं एकाच व्यक्तीची आहेत आणि ती अमुक कैद्याची सख्खी आई आहे. त्यासोबत नातं दाखवणारा एखादा जुना कागद, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला किंवा जुनं रेशनकार्ड. आणि अर्जात कैद्याचं नाव तुरुंगाच्या नोंदीत जसं आहे, अक्षर न् अक्षर तसंच लिहा, बंदी क्रमांकासह.

चौथी, राहण्याचा पत्ता. फिर्यादीचं घर त्याच मोहल्ल्यात असेल, तर पोलिसांना भीती वाटणं खोटं नाही, आणि समोरच्या घराचंही एक माणूस गेलेलं आहे, हे आपण विसरता कामा नये. या कुटुंबाने वाद घातला नाही. ऑपरेशन बहिणीच्या शहरातल्या रुग्णालयात होतं, म्हणून कैदी रजेच्या काळात बहिणीच्या घरी राहील आणि गावात जाणार नाही, असं अर्जात लिहिलं. बहीण-मेहुण्याचं संमतीपत्र, त्यांच्या घराची करपावती आणि आधार जोडलं. यामुळे पोलीस चौकशी दुसऱ्या ठाण्याकडे गेली आणि शांतता भंगाचं कारण मुळातच उरलं नाही.

पाचवी, जामीनदार. तो जवळचा, कायमचा पत्ता असलेला आणि ऐपत दाखवता येणारा हवा. सातबारा, घराची करपावती किंवा पगाराची स्लिप चालते. त्याला आधीच नीट समजावून सांगा की माणूस परत गेला नाही तर जबाबदारी त्याच्यावर येते. नंतर घाबरून माघार घेणारा जामीनदार मंजूर झालेली रजाही अडकवतो. आदेशात रोख अनामत लिहिलेली असते. ती कुटुंबाला झेपणारी नसेल, तर उत्पन्नाचा दाखला जोडून कमी करण्याचा अर्ज करता येतो, आणि तिथे झालं नाही तर उच्च न्यायालयात मागता येतं.

चांगली वागणूक म्हणजे काय, आणि ती कोण दाखवतं?

वागणुकीचा दाखला घरच्यांना आणायचा नसतो. तो तुरुंगातूनच फाईलला लागतो. मोहल्ल्यातल्या दहा जणांच्या सह्यांचं “मुलगा चांगला आहे” असं पत्र इथे फारसं कामाला येत नाही. अधिकारी बघतो ते कैद्याच्या तुरुंगातल्या नोंदी. शिक्षा किती भोगली, माफी किती मिळाली, तुरुंगात काही शिक्षा झाली का, मारामारी केली का, मोबाईल सापडला का, काम करायला नकार दिला का. आणि सगळ्यांत वजनदार नोंद एकच: आधीच्या रजेवरून वेळेवर परत आला का.

घरच्यांना एवढं करता येतं. मुलाखतीच्या वेळी किंवा फोनवर त्याला स्पष्ट विचारा की तुझ्या नोंदीत काही वाईट आहे का. असेल तर अर्जात ते टाळू नका. आमच्या उदाहरणातल्या तरुणाला तिसऱ्या वर्षी भांडणाबद्दल शिक्षा झाली होती. अर्जात त्याने स्वतः लिहिलं की अमुक वर्षी शिक्षा झाली, त्यानंतर चार वर्षांत एकही नोंद नाही, शिवणकाम विभागात रोज काम करतो, आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची परीक्षा दिली आहे. शेवटी एक ओळ: माझा वर्तन अहवाल अर्जासोबत पाठवावा. वाईट नोंद अर्जदारानेच आधी सांगितली, तर ती फाईलमध्ये नव्याने सापडलेली गोष्ट राहत नाही.

उशिरा हजर होण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. करोनाच्या काळात 2020 पासून पुष्कळ कैद्यांना आकस्मिक रजा मिळाली. 2022 मध्ये परत बोलावल्यावर अनेक जण उशिरा गेले. काहींना निरोपच समजला नव्हता, काही आजारी होते. ती नोंद आज त्यांच्या फर्लोच्या आड येते. तुमच्या माणसाचं असं असेल, तर उशिराचं कारण आणि त्या काळातला कागद, म्हणजे दवाखान्याचा किंवा घरच्या मयतीचा, पुढच्या अर्जाला जोडा. स्वतःहून हजर झाला होता की पोलिसांनी पकडून नेलं, हा फरकही लिहा. अधिकारी या दोन गोष्टी एकसारख्या धरत नाहीत.

अर्जाचा मजकूर

अर्ज कैद्याने तुरुंगातून करायचा असतो. घरच्यांनी सोबत आपला अर्ज आणि कागदं द्यायची. घरच्यांचा अर्ज साधारण असा असावा:

*प्रति, मा. अधीक्षक, … मध्यवर्ती कारागृह.*
*विषय: सिद्धदोष बंदी क्र. …, नाव … यांना आईच्या हृदय शस्त्रक्रियेसाठी नियमित अभिवचन रजा मिळणेबाबत.*

*महोदय, मी वरील बंद्याची पत्नी आहे. माझ्या सासूबाईंना हृदयाच्या झडपेचा आजार असून … रुग्णालयात दि. … रोजी शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टरांच्या पत्रानुसार त्यांना … दिवस भरती राहावे लागेल व नंतर … दिवस सोबत माणसाची गरज आहे. माझे सासरे दि. … रोजी वारले. घरात दुसरा प्रौढ पुरुष नाही व माझी दोन मुले लहान आहेत. माझे पती रजेच्या काळात … या पत्त्यावर त्यांच्या बहिणीकडे राहतील. ते फिर्यादीच्या गावात जाणार नाहीत. श्री. … हे जामीन राहण्यास तयार आहेत. माझे पती दि. … रोजी स्वतः तुरुंगात हजर होतील याची मी हमी देते. सोबत कागदपत्रांची यादी जोडली आहे.*

एवढं पुरतं. यात रडणं नाही, गुन्ह्याबद्दल वाद नाही, खटला खोटा होता असं म्हणणं नाही. शिक्षा बरोबर की चूक हे अपिलात ठरतं. इथे ते लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की माणसाला केल्याचं काहीच वाटत नाही.

अर्ज दिला की पोहोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोस्टाने पाठवला तर रजिस्टर करा आणि पावती ठेवा. पुढच्या सगळ्या लढाईत हाच कागद कामाला येतो.

पोलीस चौकशीला आले तर

तुरुंगातून अर्ज त्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडे जातो. जबाबासाठी तुम्हाला, जामीनदाराला आणि कधी शेजाऱ्यांना बोलावतात. अनेक अर्ज महिना-महिना ठाण्यातच पडून राहतात. म्हणून आठ-दहा दिवसांनी पोहोच घेऊन ठाण्यात जा आणि चौकशी कोणाकडे आहे ते विचारा. मूळ कागद सोबत ठेवा. विचारलं तेवढंच, पण खरं सांगा. जबाबावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. वाचता येत नसेल, तर वाचता येणारं माणूस सोबत न्या. “आम्हाला तो घरी नको” किंवा “गावात भांडण होईल” असं तुम्ही न बोललेलं वाक्य त्यात असेल, तर ते दुरुस्त करून मगच सही करा. आम्ही पाहिलेल्या एका नामंजुरीत कैद्याच्या बायकोनेच विरोध केल्याचं लिहिलं होतं. तिला मराठी वाचता येत नव्हतं आणि तिने नुसता अंगठा दिला होता.

मयत झाली तर

आपल्याकडे दफन लवकर होतं, बहुतेकदा त्याच दिवशी. नगरपालिकेचा मृत्यू दाखला त्या वेळेपर्यंत हातात येत नाही. म्हणून निधन होताच घरातल्या एकाने सगळं सोडून तुरुंगाचं काम धरावं. रुग्णालयाचा मृत्यूचा कागद, किंवा घरी निधन झालं असेल तर डॉक्टरांचा दाखला, कब्रस्तान कमिटीचं पत्र आणि नात्याचा पुरावा घेऊन थेट तुरुंगात जावं, आणि स्थानिक पोलीस ठाण्यालाही कळवावं, कारण तुरुंग तिथूनच खात्री करून घेतो. मयतीच्या बाबतीत निर्णय तुरुंगाच्या पातळीवर होत असल्याने तो नियमित पॅरोलपेक्षा पुष्कळ लवकर होतो. तरीही तुरुंग लांब असेल, तर जनाज्याला पोहोचणं कठीण असतं. दफन किती थांबवायचं हे घरच्यांनी ठरवावं, पण साहेबांना वेळ नेमकी सांगावी: आज असरनंतर, अमुक वाजता. नुसतं “लवकर सोडा” म्हटल्याने काही होत नाही.

वडील वारले असतील तर अम्मी इद्दतमध्ये असते. तिला तुरुंगात, ठाण्यात फिरवण्याची गरज नाही. बहीण, भाऊ किंवा बायको अर्जदार होऊ शकते. चौकशीला अम्मीचा जबाब हवाच असेल, तर घरी येऊन घ्यावा अशी विनंती लिहून द्या.

निकाहसाठी उलट आहे. तारीख आधी माहीत असते, म्हणून अर्ज आयत्या वेळी देऊ नका. निकाहची पत्रिका, जमातीचं किंवा काझींचं तारखेचं पत्र, हॉलची पावती आणि बहिणीशी असलेल्या नात्याचा पुरावा, एवढं महिना-दीड महिना आधी द्या.

नामंजूर झाला तर

आधी नामंजुरीची लेखी प्रत मागा. तोंडी “झालं नाही” यावर थांबू नका. प्रतीत कारण असतं आणि पुढचं पाऊल त्यावर ठरतं. कारण कागदाच्या उणिवेचं असेल, तर उणीव भरून पुन्हा अर्ज करणं सगळ्यांत जलद. अर्जाचं काय झालं हेच कळत नसेल, तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं.

कारण चुकीचं किंवा मोघम असेल, तर वरिष्ठांकडे अपील आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका. “शांतता भंग होऊ शकते” एवढ्याच मोघम शेऱ्यावर दिलेल्या नामंजुऱ्या उच्च न्यायालयाने अनेकदा रद्द केल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अस्फाक विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात सांगितलं की गुन्हा गंभीर आहे, एवढ्यावरच पॅरोल नाकारू नये. पण त्याच न्यायालयाने 2021 मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात हेही सांगितलं की फर्लो हा कैद्याचा निरपवाद हक्क नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचा, म्हणजे आशा किती धरायची ते कळतं.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. तुरुंगात असलेल्या प्रत्येक माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, कायद्याने मोफत वकील मिळतो. तुरुंगातच विधी सेवेच्या माणसाकडे अर्ज देता येतो, जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि 15100 या नंबरवर फोन करता येतो. कैद्याने तुरुंगातून उच्च न्यायालयाला पाठवलेल्या पत्राचीही याचिका म्हणून दखल घेतली जाते.

परत जाण्याचा दिवस

त्या तरुणाची रजा दुसऱ्या अर्जावर मंजूर झाली. ऑपरेशन झालं. आदेशात लिहिलेल्या दिवशी तो बहिणीच्या शहरातल्या ठाण्यात हजेरी देत राहिला. शेवटच्या आठवड्यात अम्मीला ताप भरला आणि ती म्हणाली, “चार दिवस थांब, कोण बघायला येतंय?” घरात दोन मतं झाली. मेहुण्याने, म्हणजे जामीनदाराने, त्याला परतीच्या तारखेच्या आदल्या रात्रीच गाडीत बसवलं. सकाळी तुरुंगाच्या दारावर हजर, आणि हजर झाल्याची नोंद फाईलवर.

मुदत वाढवून हवी असेल आणि त्या रजेला वाढ मिळत असेल, तर मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी डॉक्टरांच्या नव्या पत्रासह अर्ज द्यावा. आणि मंजुरीचा कागद हातात आला नाही, तर मूळ तारखेलाच परत जावं. अर्ज दिलाय म्हणजे थांबायला हरकत नाही, असं समजून जे राहतात त्यांच्यावर नवा गुन्हा दाखल होतो, माफीचे दिवस कापले जातात, अनामत जाते आणि पुढची फर्लो-पॅरोल अनेक वर्षं बंद होते.

पुढच्या वर्षी त्याच तरुणाने फर्लो मागितला. या वेळी आजारपणाचे कागद लागले नाहीत. फाईलवर एक ओळ आधीच होती: मागील रजेवरून वेळेत हजर.